मदत हवी आहे : अमेरिकेहून गेमिंग लॅपटॉप मागवायचाय, ईमेल तपासून द्याल का?

सातारकरीण
मुलगा अकरावीत आहे. व्हॅलोरंट, जीटीए आणि मॉड घातलेलं माइनक्राफ्ट, यांतून डोकं वर निघत नाही. मावसभाऊ डिसेंबरात न्यू जर्सीहून येतोय. त्याला संगणकातलं फारसं कळत नाही, मी जे लिहीन ते तो दुकानातून आणेल. लिहिलंय ते असं:

"दादा, सा. न. चिरंजीवांसाठी एक चांगला गेमिंग लॅपटॉप आणशील का? RTX 4060 हवं म्हणतो. बजेट अकराशे डॉलर. पैसे लगेच पाठवते. वहिनींना नमस्कार."

एवढं पुरे का?

दादरकर
मॅकबुक सांगा. तिकडे स्वस्त पडतं आणि वर्षानुवर्षं टिकतं.

वॅटवाला
मॅकवर व्हॅलोरंट चालतच नाही, त्यामुळे तो विषय बाजूला ठेवू.

ताई, ईमेलमधली खरी अडचण "RTX 4060" एवढंच लिहिण्यात आहे. लॅपटॉपमधली ही चिप 35 वॅटपासून 115 वॅटपर्यंत कितीवरही चालवायची मुभा कंपन्यांना असते. नाव तेच, स्टिकर तोच, पण पातळ लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर टाकायला जागा नसते म्हणून वॅट कमी ठेवतात आणि गेममध्ये फ्रेम्स कमी मिळतात. दुकानातल्या पाटीवर हा आकडा सहसा नसतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेलच्या तपशिलात TGP किंवा Maximum Graphics Power या नावाखाली सापडतो.

दादांना खोक्यावरूनही अंदाज येईल. चार्जर किती वॅटचा आहे ते बघायला सांगा. ग्राफिक्सला 115, प्रोसेसरला साधारण 45, वर स्क्रीन आणि पंखे. म्हणजे 130 वॅटच्या चार्जरवर हे सगळं एका वेळी पूर्ण जोरात चालणं शक्य नाही. 200 किंवा जास्त दिसला तर पुढे चौकशी करावी.

नाशिकचा_काका
मग सरळ 4070 घ्या ना, वरचा नंबर तो वरचाच!

वॅटवाला
काका, वॅट सारखे असतील तर बरोबर. पण दमवून ठेवलेली 4070 पूर्ण वॅटच्या 4060 च्या पुढे फारशी जात नाही, आणि लॅपटॉपमध्ये दोन्हींना ग्राफिक्स मेमरी 8 जीबीच आहे. त्या फरकाचे पैसे रॅमवर घालावेत असं माझं मत. रॅम 16 जीबी हवी, तीही 8-8 च्या दोन पट्ट्यांत. एकच पट्टी असली तर मेमरीची वाट अर्धी होते आणि गेम मध्येच अडखळतो.

नाशिकचा_काका
एक मात्र लक्षात ठेवा, तिकडची वीज 110 व्होल्टची. इथे लावला की चार्जर जळेल. ट्रान्स्फॉर्मर लागेल.

पणजीचो_बाब
मिक्सर असता तर लागला असता. लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत `INPUT: 100-240V~ 50/60Hz` लिहिलेलं असतं, तो आपल्या 230 वर चालतो. बदलायची ती फक्त भिंतीकडची केबल. अमेरिकन केबलीवर बहुधा 125V छापलेलं असतं, म्हणून तिला कन्व्हर्टर पिन लावून चालवू नका. शिवाय त्या पिनेत अर्थिंग बऱ्याचदा नुसतं नावाला असतं. चार्जरमध्ये जाणाऱ्या टोकाचा फोटो मागवा आणि तशीच आयएसआय मार्कची तीन पिनी केबल इथे घ्या.

कस्टम्सचं सांगतो. 18 वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो. मी दुबईहून दोन आणले होते, दुसऱ्यावर भरावं लागलं.

वॅटवाला
ताई, ईमेल अशी पाठवा:

"दादा, सा. न. लॅपटॉप विंडोज 11 चा, RTX 4060, TGP 100 वॅट किंवा जास्त, रॅम 8+8 जीबी, एसएसडी 1 टीबी. घेण्याआधी पूर्ण मॉडेल नंबर कळव, मी इथे तपासून होय-नाही सांगते. न्यू जर्सीचा 6.625 टक्के कर धरून अकराशेचा 1,173 डॉलरच्या आसपास होईल, तेवढे पाठवते. निघण्याच्या तीन आठवडे आधी घे आणि परतीची मुदत संपण्याआधी एकदा तासभर गेम चालवून बघ. स्क्रीनवर ठिपका दिसला किंवा मध्येच बंद पडला तर तिथेच बदलून घे. बिल जपून ठेव. लॅपटॉप हातातल्या बॅगेत आण."

सातारकरीण
खूप आभार! आजच पाठवते. वॉरंटी इथे चालेल का?

वॅटवाला
एकाच कंपनीच्या एका मालिकेला चालते, दुसरीला नाही. मॉडेल नंबर आला की कंपनीच्या भारतातल्या सेवा केंद्राला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. फोनवरचं "हो" नंतर कामाला येत नाही.

सातारकरीण
दादा स्वतःचा ऑफिसचा लॅपटॉपही आणणार आहे. मग हा दुसरा धरतील का?

पणजीचो_बाब
माझे दोन्ही नवे, खोक्यातले होते, त्यामुळे तुमच्या बाबतीत छातीठोक सांगता येत नाही. वहिनी सोबत येत असतील तर नवा त्यांच्या बॅगेत आणि बिल त्यांच्या नावावर ठेवा.

सातारकरीण
वहिनींचं तिकीट अजून नक्की नाही. अलीकडे असे दोन घेऊन कोणी मुंबईला उतरलंय का?