मदत हवी आहे: बाबांच्या एमआरआयमध्ये 'एमआरएफ ०.८ मिमी', तरी ऑपरेशन थांबवायचं?

मृदुला_क
बाबा ६३ वर्षांचे. गुदाशयाचा कॅन्सर बायोप्सीत निघाला. पेल्व्हिसच्या एमआरआय रिपोर्टात लिहिलंय: गाठ गुदद्वारापासून ७ सेमी वर, मागे-डावीकडे, टी३सी, चरबीत ७ मिमी शिरलेली, एन१, एमआरएफपासून अंतर ०.८ मिमी. छाती-पोटाच्या सीटीत बाकी काही नाही. सर्जन म्हणतात, आधी रेडिएशन, मग ऑपरेशन. घरी सगळे म्हणतायत गाठ आहे तर काढून टाका, तीन-चार महिने कशाला थांबायचं? मलाही रात्री झोप लागत नाही. हे ०.८ काय प्रकरण आहे?

वाटसरू
टी३ म्हणजे तिसरी स्टेज, ताई. तिसऱ्या स्टेजला रेडिएशन देतातच. वेळ घालवू नका.

सुगरण६४
माझ्या सासूबाईंचं सरळ ऑपरेशन झालं होतं, लाईट वगैरे काही नाही. चार वर्षं झाली, स्वतः बाजारात जातात. मोठ्या हॉस्पिटलात दुसरं मत घ्या, उगाच लाईट देतात असं वाटतं.

क्षकिरण
मी रेडिओलॉजिस्ट आहे, रोज हेच रिपोर्ट करतो.

वाटसरू, स्टेज तिसरी हे बरोबर, पण ती टी३मुळे नाही, एन१मुळे. लिम्फ नोड साफ असते तर हाच टी३ दुसऱ्या स्टेजमध्ये बसला असता.

मृदुलाताई, सीडी लावून टी२ आडव्या छेदाची चित्रं बघा. हा टी२ एमआरआयच्या चित्राचा प्रकार, गाठीचा टी वेगळा. गुदाशयाच्या भिंतीचा स्नायू काळ्या कड्यासारखा दिसतो आणि बाहेरची चरबी पांढरी. गाठ करडी. करडा भाग काळ्या कड्याच्या आत असेल तर गाठ टी१ किंवा टी२, कडं फोडून पांढऱ्यात घुसला की टी३. ५ ते १५ मिमी घुसला तर टी३सी. त्या पांढऱ्या चरबीच्या बाहेरच्या काठाला एक बारीक काळी रेघ दिसेल. तीच एमआरएफ.

गुदाशय चरबीत गुंडाळलेला असतो आणि ही रेघ म्हणजे उशीचा अभ्रा समजा. सर्जन आतला कापूस वेगळा काढत नाहीत, अभ्र्यासकट अख्खी उशी बाहेर काढतात. ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत रुजवली आणि गाठ त्याच जागी पुन्हा उगवण्याचं प्रमाण खूप खाली आलं. गाठ अभ्र्यापासून १ मिमी किंवा त्याहून जवळ असेल, तर कितीही सफाईने काढलं तरी काठावर पेशी राहण्याची भीती असते. बाबांचं अंतर ०.८ आहे. आधी रेडिएशन देऊन गाठ आत ओढून घ्यायची आणि मग काढायची, हा हिशोब आहे. सुगरणताई, तुमच्या सासूबाईंची गाठ बहुधा भिंतीच्या आतच होती. रिपोर्ट सापडला तर बघा.

एक गोष्ट मात्र विचाराच: ०.८ कशापासून मोजलंय, मुख्य गाठीपासून की एखाद्या लिम्फ नोडपासून? गुळगुळीत काठाचा नोड रेघेजवळ असणं इतकं धोक्याचं धरत नाहीत. शिवाय छेद गाठीच्या अक्षाला काटकोनात घेतलेले हवेत. तिरके पडले तर भिंत जाड दिसते आणि अंतर फसवं येतं.

मृदुला_क
खूप आधार वाटला. आज सेंटरवर जाऊन विचारलं. गाठीपासूनच मोजलंय आणि छेद बरोबर घेतलेत, म्हणाले. पण आता दोन पर्याय ऐकले: पाच दिवसांचं रेडिएशन आणि मग केमो, किंवा पाच-साडेपाच आठवडे रोज, गोळ्यांसकट. कोणतं चांगलं?

क्षकिरण
यावर डॉक्टरांमध्येही मतभेद आहेत. हे दोन पर्याय ताडून बघणाऱ्या रापिडो अभ्यासात पाच दिवस + केमो गटात कॅन्सर दूर पसरण्याचं प्रमाण कमी आढळलं, पण पाच वर्षांनी पाहिलं तर गाठ त्याच जागी परत येण्याचं प्रमाण जास्त निघालं. बाबांची अडचण नेमकी काठाची आहे, म्हणून हा मुद्दा रेडिएशनच्या डॉक्टरांसमोर थेट मांडा. बाबांचं वय, शुगर, रोज येणंजाणं हेही ते धरतील.

वाटसरू
आणि नंतर पुन्हा एमआरआय कशासाठी? गाठ गेली की कळेलच ना?

क्षकिरण
तसं सोपं नाही. करडी गाठ विरून काळा व्रण उरतो. तो अजून रेघेला चिकटलेला असेल, तर आत पेशी जिवंत आहेत की नुसता व्रण, हे एमआरआयवर खात्रीने सांगता येत नाही. तिथे सर्जनला जरा बाहेरूनच काढावं लागतं.

मृदुलाताई, थांबण्याच्या काळात पोट फुगून गॅस आणि शौच दोन्ही बंद झालं, उलट्या झाल्या, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या.

मृदुला_क
हे कागदावर उतरवलं. गुरुवारी रेडिएशनच्या डॉक्टरांची वेळ आहे, सीडी घेऊन जातेय. बाबांना एकच विचारायचंय, पोटावरची पिशवी कायमची लागेल का. ७ सेमीवर टळते का, कुणाचा अनुभव?