मदत हवी आहे: हनुवटीवर मार लागून जबडा मोडला तर दवाखाना गाठेपर्यंत काय करावं?

अबोली

नमस्कार. आम्ही आचऱ्याजवळ राहतो. परवा संध्याकाळी होडी वाळूवर चढवताना माझ्या धाकट्या दिरांचा पाय घसरला आणि हनुवटी होडीच्या काठावर आपटली. हनुवटीखाली मोठी चीर पडली आणि तोंडातून खूप रक्त येऊ लागलं. तोंड अर्धवट उघडंच राहिलं होतं, मिटता येत नव्हतं. माणसं धावली. कोणी म्हणालं जबडा निखळलाय, कोणी म्हणालं मोडलाय. एका काकांनी पंचा हनुवटीखालून घेऊन डोक्यावर घट्ट गाठ मारली. दुसरे जबडा बसवून देतो म्हणून हात घालायला गेले, पण दीर ओरडले तेव्हा थांबले. मग त्यांना रिक्षात मागे उताणं झोपवलं. थोडं पुढे गेल्यावर घशात घरघर सुरू झाली, डोळे पांढरे करायला लागले. रिक्षावाल्या दादांनी गाडी थांबवून त्यांना उठवून पुढे वाकवलं आणि पंचा सोडला. रक्ताच्या गुठळ्या आणि एक दात बाहेर पडला, तेव्हा श्वास मोकळा झाला.

जवळच्या दवाखान्यात टाके घातले. डोक्याचा एक एक्स-रे काढला, हाड ठीक आहे म्हणाले आणि घरी पाठवलं. आता घरात दोन तट पडलेत. पंचा बांधला म्हणून रक्त थांबलं असं काका म्हणतात, रिक्षावाले दादा म्हणतात पंच्यानेच जीव जात होता. खरं काय? आणि दिरांचे पुढचे दात अजून एकमेकांना टेकत नाहीत. सुजेमुळे असेल का?

खाडीपलीकडे

ताई, मी कंपनीत प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलंय. चेहऱ्याला एवढा मार म्हणजे मानेलाही मार असू शकतो, म्हणून रुग्णाला सपाट झोपवून अजिबात हलवायचं नाही, असं आम्हाला शिकवलं. उठवून वाकवणं धोक्याचं होतं. जबड्याला आधाराची पट्टी बांधायचीही शिकवली होती, त्यामुळे काकांचं फार चुकलं असं मला वाटत नाही. १०८ ला फोन करून गाडी येईपर्यंत थांबायला हवं होतं.

वेंगुर्लेकरीण

माझ्या मावशीचा जबडा जांभई देताना निखळायचा. तोंड उघडंच राहायचं, लाळ गळायची, बोलता यायचं नाही. आमचे डॉक्टर दोन्ही अंगठ्यांना कापड गुंडाळून खालच्या दाढांवर ठेवायचे, खाली दाबून मागे ढकलायचे की खट्कन बसायचा. माका वाटता तुमच्या दिरांचा पण तसाच असतला. त्या गृहस्थांना करू द्यायला हवं होतं, एवढं दुखणं लांबलं नसतं.

पांथस्थ

अबोलीताई, मी तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करतो, तेव्हा आधी चार गोष्टी विचारतो. घाईने उत्तर द्या.

अपघातानंतर किती दात हरवले आणि किती हाती लागले? कानातून रक्त आलं होतं का? तोंड मिटल्यावर मागच्या दाढा टेकतात आणि पुढे फट राहते, असं होतं का? खालच्या ओठाला किंवा हनुवटीला बधिरपणा आहे का?

अबोली

आत्ताच पाहिलं. खालचे दोन दात नाहीत. एकच रिक्षात पडला, तो आम्ही रुमालात ठेवलाय. डाव्या कानातून थोडं रक्त आलं होतं, कोणीतरी खोबरेल तेलाचा कापूस घातला होता. आणि हो, दाढा टेकतात, पुढे बोट जाईल एवढी फट आहे. ओठ बधिर नाही, पण कानापुढे दोन्ही बाजूंनी दुखतं.

पांथस्थ

मग ही सूज नाही, असं समजून चला. हनुवटीवर खालून बसलेला मार हाडातून थेट कानापुढच्या सांध्यांपर्यंत पोचतो आणि तिथली जबड्याची मान, म्हणजे सांध्याच्या डोक्याखालचं बारीक हाड, दोन्हीकडे मोडते. बाहेर दिसते फक्त हनुवटीची चीर. ती शिवली की सगळ्यांना वाटतं काम झालं, आणि असे रुग्ण नेमके तिथेच सुटतात. दोन्ही बाजूंना जबड्याचा मागचा भाग आखूड होतो, म्हणून दाढा आधी टेकतात आणि पुढचे दात उघडे राहतात. डोक्याच्या साध्या एक्स-रेत ही जागा नीट दिसत नाही. त्यासाठी ओपीजी, म्हणजे सबंध जबड्याचा एका फिल्मवरचा एक्स-रे, किंवा सीटी स्कॅन लागतो. कानातलं रक्तही याच मोडीतून येऊ शकतं, कारण सांध्याचं डोकं कानाच्या नळीवर आपटतं. पण तेच रक्त कवटीच्या तळाच्या मोडीतूनही येतं, म्हणून सीटी उत्तम. कानात कापूस, तेल काही घालू नका. स्वच्छ कापडाने बाहेरून हलकं झाकायचं, एवढंच.

दुसरा दात सापडला नाही, त्याची मला जास्त काळजी आहे. दात वाळूत पडला असेल, गिळला असेल, किंवा श्वासनळीत गेला असेल. छातीचा एक्स-रे काढल्याशिवाय हा प्रश्न मिटत नाही. खोकला, ताप, धाप लागली तर उद्यापर्यंत थांबू नका, आत्ताच न्या.

आता वाटेतलं. तुमचे रिक्षावाले दादा बरोबर होते. जबडा मोडल्यावर माणूस दुखण्याने मरत नाही, श्वास अडून मरतो. जीभ पुढे धरून ठेवणारे स्नायू हनुवटीच्या हाडाला आतून जोडलेले असतात. तिथलं हाड मोकळं झालं तर आधार जातो आणि उताणं झोपवताच जीभ घशात मागे पडते. वर रक्त, गुठळ्या, दात आणि गिळता न येणारी लाळ. त्यावर पंचा घट्ट बांधला की तोंडाचं दारच बंद. शिवाय रक्त गिळल्याने मळमळतं, आणि बांधलेल्या तोंडाने उलटी झाली तर ती सगळी श्वासात जाते. शुद्धीवर असलेल्या माणसाला बसू द्या, पुढे वाकू द्या, रक्त खाली गळू द्या. हनुवटीला आधार हवा असेल तर तो स्वतःच तळहात लावतो आणि नको तेव्हा काढतो, त्याहून चांगली पट्टी नाही. हनुवटीच्या चिरेवर घडी केलेलं स्वच्छ कापड दाबून धरायचं, म्हणजे तिथलं रक्त थांबतं. काकांच्या पंच्यानेही बहुधा तेच केलं, पण ते हाताने झालं असतं.

खाडीपलीकडे

पण मानेचं काय, डॉक्टर? पुढे वाकवताना मणका सरकला तर?

पांथस्थ

शंका रास्त आहे, आणि मानेला इजा नाही असं गृहीत धरू नये हेही तुमचं बरोबर आहे. पण श्वास बंद असेल तर मान वाचवून उपयोग नाही. जागा आणि बोलू पाहणारा माणूस स्वतःहून पुढे वाकत असेल तर त्याला जबरदस्तीने झोपवू नका, एकाने डोक्याच्या दोन्ही बाजूंना हात लावून मान वळू न देता आधार द्यावा. बेशुद्ध असेल तर कुशीवर, डोकं, मान, धड एकत्र वळवून, तोंड जमिनीकडे. सपाट उताणं ठेवायची वेळ आलीच तर तोंडातलं रक्त यंत्राने खेचून घेणारं कोणीतरी शेजारी लागतं. किनाऱ्यावर ते नसतं. १०८ ची गाडी लवकर येत असेल तर थांबा, फोन तर लगेच कराच, पण थांबतानाही बसवूनच ठेवा.

तुमच्या प्रशिक्षणातल्या पट्टीबद्दल: ती जुन्या पुस्तकांत आहे. रक्त थांबलेलं, माणूस पूर्ण शुद्धीत, मळमळ नाही, आणि एका ओढीत सुटेल अशी गाठ, तेव्हाच सैलसर बांधावी. ओढ वरच्या दिशेने हवी. हनुवटी मागे ढकलणारी पट्टी जीभही मागे ढकलते.

वेंगुर्लेकरीण ताई, मावशींचं निखळणं जांभईने झालं होतं, मार लागून नाही. तिथे हाड शाबूत असतं. अपघातात तोंड उघडं राहिलं की ते निखळल्यासारखंच दिसतं, पण मोडलेलं असू शकतं, आणि एक्स-रेशिवाय बाहेरून ओळखणं आम्हालाही कठीण जातं. मोडलेल्या जबड्यावर तसं दाबलं तर हाडाची टोकं सरकतात, नस चिरडते, रक्त पुन्हा सुरू होतं. ते गृहस्थ थांबले ते चांगलं झालं.

वेंगुर्लेकरीण

हे माहीत नव्हतं, डॉक्टर. आमच्याकडे सगळे मावशीचंच उदाहरण देतात.

कोळंबकर

आमच्याकडे असा माणूस आला की पहिल्यांदा चहा देतात आणि एक गोळी. त्याबद्दल कोणी बोललं नाही. आणि पडलेला दात शहाळ्याच्या पाण्यात ठेवला तर चालतो का? दूध प्रत्येक वेळी हाताशी नसतं.

पांथस्थ

चहा, पाणी, गोळी, काहीच तोंडाने नको. गिळताना ठसका लागतो, आणि भूल द्यायची झाली तर भरलेलं पोट आडवं येतं. ॲस्पिरिन तर मुळीच नको, रक्तस्राव वाढतो. कापडात गुंडाळलेला बर्फ मात्र दहा-पंधरा मिनिटं बाहेरून ठेवा, थोडं थांबून पुन्हा ठेवा. होडीवर मासळीचा बर्फ असतोच, तो पिशवीत घालून चालेल, उघड्या जखमेला मात्र लागू देऊ नका.

दात दुधात. शहाळ्याचं पाणी आंबटसर असतं, मी दूधच सांगेन, दुकानातली पिशवी पुरते. मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाने धरायचा, घासायचा नाही. एरवी मोठ्या माणसाचा पडलेला दात लगेच जागेवर बसवा असं सांगतात, पण जबडा मोडल्याची शंका असताना किंवा गुंगी असताना ते करू नका, घशात जाईल. अबोलीताई, रुमालातला दात आता बसणार नाही, त्याच्यामागे वेळ घालवू नका.

अबोली

काल ओरोसला नेलं, तिथून बांबोळीच्या दंत महाविद्यालयात. सीटीत दोन्ही कानांपुढे मोड दिसली, हनुवटीला नाही. कवटी ठीक आहे. छातीच्या एक्स-रेत दात नाही, म्हणजे वाळूत गेला असावा किंवा गिळला गेला असावा. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, प्रतिजैविकं सुरू केली.

आता एक डॉक्टर म्हणतात प्लेट बसवू, दुसरे म्हणतात दात एकमेकांना रबराने बांधून काही आठवडे ठेवू. घरचे पुन्हा दोन बाजूंना. तुमचं मत काय?

पांथस्थ

सीटी न बघता मी मत देणार नाही. या मोडीत दोन्ही मार्ग चालतात, आणि कोणता बरा यावर शल्यचिकित्सकांमध्येही एकमत नाही. तुकडा किती सरकलाय, सांध्याच्या खोबणीतून बाहेर आलाय का, दात किती जुळतात, यावर ठरतं. दोघांना एकत्र हाच प्रश्न विचारा: बांधल्यावर दात नीट जुळले नाहीत तर पुढे काय करणार? आणि तोंड पुन्हा उघडायचा व्यायाम कधी सुरू होणार तेही विचारा. दोन्ही मार्गांत तो लागतोच, नाहीतर सांधा जखडतो.

खाडीपलीकडे

अबोलीताई, रबराने बांधलंत तर घरी एक कात्री कायम उशाशी ठेवा. आमच्या शेजारच्या मुलाचा जबडा तारेने बांधला होता, त्याला तार कापायची पक्कड घरी दिली होती. उलटी झाली तर कोणी कापायचं, कुठे कापायचं, हे घरातल्या दोघांना तरी डॉक्टरांकडून दाखवून घ्या. दीर होडीवर जात असतील तर तिथल्या कोणालातरी पण.

पांथस्थ

अगदी बरोबर. आणि बांधलेलं असेतो होडीवर जाऊ देऊ नका. पाण्यात पडले किंवा हलत्या होडीत उलटी झाली तर कात्री शोधायला कोणाचे हात मोकळे नसतील.