उत्तर: सायक्लिक सॉर्ट डुप्लिकेटवर का अडकतो

> "अ‍ॅरे सॉर्ट झालेला दिसतोय तरी लूप संपत नाही, अट तर a[i] != i+1 अशी बरोबरच आहे ना?"

सायक्लिक सॉर्टमध्ये 1 ते n मधला प्रत्येक आकडा x स्वॅप करत त्याच्या घरी, म्हणजे इंडेक्स x-1 वर, पाठवायचा असतो. त्यासाठी ही अट बरोबर आहे, पण फक्त सगळे आकडे वेगवेगळे असतील तोवरच. [2, 3, 1, 3] घेऊन कागदावर चालवून बघा, पहिल्या स्वॅपने [3, 2, 1, 3] होतं, दुसऱ्याने [1, 2, 3, 3], आणि मग i = 3 वर गाडी अडते, कारण तिथे 3 आहे, हवा 4, म्हणून कोड त्या 3 ला त्याच्या घरी म्हणजे इंडेक्स 2 वर पाठवतो, तिथे आधीच एक 3 बसलाय, तो उलटा इकडे येतो, आणि हे असंच चालू राहतं. लूपमध्ये अ‍ॅरे प्रिंट केलात तर तीच ओळ परत परत दिसेल. एरवी प्रत्येक स्वॅप निदान एक आकडा कायमचा जागेवर बसवतो, म्हणून n-1 च्या वर स्वॅप होतच नाहीत, इथे मात्र स्वॅप होऊनही नवीन कोणीच जागेवर बसत नाही.

म्हणून इंडेक्सशी नाही, घरी बसलेल्या आकड्याशी तुलना करायची:

```
i = 0
while i < len(a):
    j = a[i] - 1
    if a[i] != a[j]:
        a[i], a[j] = a[j], a[i]
    else:
        i += 1
```

j वेगळा ठेवलाय तो मुद्दाम, पायथनमध्ये डावीकडे थेट a[a[i]-1] लिहिलं तर a[i] आधी बदलतो आणि इंडेक्स चुकतो (मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवलीय). शेवटी इंडेक्स 3 वर 3 उरतो, म्हणजे 3 डुप्लिकेट आणि 4 गायब, दोन्ही एकदमच कळतं. आकडे 1 ते n च्या बाहेरचे असतील तर मात्र आधी वेगळी तपासणी लागेल.