शब्दचर्चा: मैत्री ‘खोल होते’ का, आणि ‘त्या’ची ‘ती’ कधी करायची?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी, एका लेखात अडकलेय. आमच्या इंदिरानगरच्या कॉलनीचा दिवाळी अंक निघतो हाताने बनवलेला, त्यात मैत्रिणीवर लिहितेय. मी ५१, ती ५३. ओळख झाली तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली, मुलं एकाच व्हॅनने शाळेत जायची, व्हॅन यायला उशीर झाला की आम्ही दोघी कोपऱ्यावर उभ्या, बस तेवढंच. मोबाईलमध्ये तिचा नंबर ‘अमक्याची आई’ म्हणून सेव्ह केला, तिनेही माझा तसाच. आता मुलं पुण्याला, व्हॅन बंद होऊन चार वर्षं झाली, आणि आम्ही मात्र रोज सकाळी जॉगिंग ट्रॅकवर भेटतो, मधे कधी काय झालं ते खरंच सांगता येत नाही.
पहिलं वाक्य लिहिलंय, ‘आमची मैत्री शांतपणे खोल होत गेली.’ चार वेळा वाचलं, माझं वाटतच नाहीये ते. दुसरं, ‘ही मैत्री माझ्याकडून काय मागते’ हेही खटकतंय. आणि तिसरी अडचण म्हणजे लेखात तिला ‘ती’ लिहू का ‘त्या’? कारण समोर मी अजूनही अहो म्हणते.

जुनीवही:
तीस वर्षं प्रुफं तपासली म्हणून बोलतो, राग नसावा. ‘शांतपणे’ आपण माणसाच्या वागण्याला लावतो. शांतपणे ऐकून घेतलं, शांतपणे जेवला. मैत्री काही शांतपणे करत नसते. तुम्हाला म्हणायचंय ते ‘नकळत’. आता ‘खोल’. विहीर खोल, जखम खोल, आजारपणात आवाज खोल जातो, डोळे खोल जातात. माणसाला ‘खोल आहे हो’ म्हटलं तर मनातलं बाहेर काढत नाही असा अर्थ, आणि ते बहुतेक वेळा कौतुकाने म्हणत नाहीत. मैत्रीला दाट, गाढ, घट्ट हे शब्द बसतात. पण त्यात एक कमी आहे, ते आजची स्थिती सांगतात, लागलेला वेळ सांगत नाहीत. शाळेतल्या दोन मुलांची पण आठ दिवसांत घट्ट मैत्री होते. तुमच्या गोष्टीत वेळच मोठा आहे, त्यामुळे मी ‘मुरली’ लिहीन. ‘आमची मैत्री नकळत मुरत गेली.’

सिडकोकर:
मुरली एकदम करेक्ट. त्यावरूनच मुरब्बी शब्द आला, मुरलेला तो मुरब्बी. आणि ताई मैत्री कशाला, ‘मैत्र’ वापरा, जास्त भारदस्त वाटतं, मित्रचं अनेकवचन आहे ते.

जुनीवही:
सिडकोकर, मुरब्बी आज आपण अनुभवी माणसाला म्हणतो हे बरोबर, पण तो मुरण्यावरून आलेला नाही. अरबीतून फारसीमार्गे आलाय आणि जुना अर्थ पाठीराखा, आश्रयदाता असा. ‘मुरलेला’ हा अर्थ मागून चिकटला, दोन शब्द कानाला सारखे लागतात म्हणून चिकटला असावा असं मला वाटतं.
आणि मैत्र हे अनेकवचन नाही, ‘ते मैत्र’, नपुंसकलिंगी एकवचन, अर्थ मैत्रीच. ज्ञानेश्वरी १२९० ची, तिच्या शेवटी पसायदानात ‘भूतां परस्परें पडो मैत्र जीवाचें’ आपण सगळे म्हणतो. तिथलं क्रियापद बघा, ‘पडो’. मैत्र ‘करो’ नाही म्हटलेलं. आजसुद्धा मैत्री जडते, जुळते, जमते म्हणतो तेव्हा कोणी ठरवून काही केलेलं नसतं. ताईंच्या गोष्टीला हीच क्रियापदं हवीत.

सिडकोकर:
पण हल्ली लोक ‘माझे सगळे मैत्र’ असं लिहितात ना? मी स्वतः वाचलंय, एकदा नाही खूपदा.

जुनीवही:
लिहितात. मला आवडत नाही, पण लिहितात हे खरं.

द्राक्षबाग निफाड:
मुरण्यावरून आमच्याकडचं सांगतो. धो धो पाऊस पडला की गोदावरीला पूर येतो, तुम्ही शहरवाले दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं का छातीला त्याचे फोटो टाकता. पण ते पाणी वाहून गेलेलं असतं, आमच्या विहिरीला त्याचा फार उपयोग नाही. विहिरीला लागतो भिज पाऊस, दोन दोन दिवस नुसता रिपरिप, वरून बघितलं तर काहीच चाललेलं दिसत नाही, वावरात चिखल फक्त. आणि मग दिवाळीनंतर शेजारच्याची विहीर तळाला जाते नि आपली टिकून असते, तेव्हा कळतं की पाणी मुरलं होतं. म्हणजे मुरताना कळतच नाही, गरज पडली की कळतं. ताई, तुमचं तसं काही झालंय का? म्हणजे गरज पडली आणि कळलं असं? कारण तसं नसेल तर मुरली शब्द नुसता शोभेचा होईल. आणि हेही बघा, ताप अंगात मुरतो तो वाईट, आणि ‘पाणी कुठेतरी मुरतंय’ म्हटलं तर संशय. शब्द दोन्हीकडे जातो.

पाथर्डी फाटा:
पन्नाशीत नवीन मैत्रीण मिळणं खरंच अवघड आहे हो. मिस्टरांच्या तीन बदल्या झाल्या, दर वेळी नवी कॉलनी, नवी भिशी. मी तर सरळ योगा क्लास लावला. तुम्ही पण लावा, ओळखी होतात.

गोदाकाठ:
पाथर्डी फाटा, माझी मैत्रीण आहे हो, शब्द सापडत नाहीयेत. पण तीन बदल्यांचं वाचून वाईट वाटलं, दर वेळी पहिल्यापासून सुरू करायचं म्हणजे सोपं नाही.
द्राक्षबाग दादा, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. झालंय तसं, लेखात लिहू का नको करत होते, इथे सांगते.
आमच्यात डब्यांची ये-जा आधीपासून होती. मी साबुदाण्याची खिचडी पाठवली की डबा परत येताना त्यात काहीतरी असायचंच, चार चिरोटे, सीझनला द्राक्षं, काहीच नसलं तर चमचाभर साखर. रिकामा डबा परत द्यायचा नाही हे आपल्या सगळ्यांच्याच आयांनी शिकवलेलं. नऊ वर्षं एकदाही डबा रिकामा आला नाही, तिच्याकडूनही नाही आणि माझ्याकडूनही नाही.
गेल्या वर्षी तिच्या मिस्टरांची बायपास झाली. मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही वॉचमनकडून. मला इतकं लागलं की सांगू, रोज सकाळी पाऊण तास सोबत चालणारी बाई मला फोन करत नाही? तरी डबा घेऊन गेले, पोळ्या, दुधीची भाजी, ताक. ती कॉरिडॉरमध्ये बाकावर बसलेली, केस विंचरलेले नाहीत, तिथेच उघडून निम्मं खाल्लं, झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. खरकटा, न विसळलेला. म्हणाली, ‘उद्या पण आण गं. आणि पोळ्या जरा जास्त.’
पहिल्यांदा अगं-तुगं. मी गाडीवर बसून रडले, हँडलला पिशवी तशीच लटकलेली. नंतर कधीतरी तिनेच सांगितलं, फोन का केला नाही तर तुमच्यावर भार नको म्हणून. आणि मी काय वेगळी होते, त्याच्या आदल्या वर्षी माझ्या गाठीची तपासणी झाली होती, रिपोर्ट चांगला आल्यावरच तिला सांगितलं.

जुनीवही:
ताई, तुमचा तिसरा प्रश्न तुम्हीच सोडवलात. व्हॅनच्या कोपऱ्यापासून दवाखान्याच्या बाकापर्यंत ‘त्या’ लिहा. ‘त्या चिरोटे पाठवायच्या’, ‘त्या म्हणाल्या’. ‘उद्या पण आण गं’ या वाक्यानंतर ‘ती’. कुठेही खुलासा करू नका की आता मी एकेरीवर आले वगैरे. सर्वनाम बदललं की वाचणाऱ्याला बरोबर कळतं. फक्त एक सांभाळा, एकदा ‘ती’ झाली की पुढे चुकूनही ‘त्या’ येऊ देऊ नका, नाहीतर प्रुफातली चूक वाटेल.

गोदाकाठ:
पण ती आजही ट्रॅकवर अहोच म्हणते. फक्त दमलेली असली, घाबरलेली असली की गं.

जुनीवही:
मग माझा नियम इथे लागू पडत नाही. विचार करावा लागेल.

द्राक्षबाग निफाड:
बोलण्यात अहो राहू द्या की, लिहिण्यात ती. आमचे वडील आणि त्यांचे दोस्त पंचवीस वर्षं एकमेकांना ‘पाटील’ आणि ‘अण्णा’ म्हणायचे, अहो-जाहोच, पण घरात विषय निघाला की ‘तो येणारे का आज?’ तोंडावर अहो, मागे एकेरी, आणि त्यात अपमान कणभर नाही.

सिडकोकर:
‘काय मागते’ राहिलं ना. माझ्या मते सरळ ‘मैत्री निभवावी लागते’ लिहा, विषय संपला.

जुनीवही:
‘दोस्ती निभाना’ हिंदीत चांगलं आहे. मराठीत ‘निभावलं’ म्हणजे कसंबसं पार पडलं. पाव्हणे जास्त आले, पण भात पुरला, निभावलं. या मैत्रीला तो शब्द लावला तर रेटून नेली असं वाटेल. ‘जपावी लागते’ चालेल, पण जपणं हे काचेच्या भांड्यासारखं, आणि ताईंच्या गोष्टीत तर जपणं सोडल्यावरच काहीतरी घडलं. ‘मागते’ मलाही परकं वाटतं. आपण ‘नात्यासाठी करावं लागतं’ म्हणतो, नातं हात पसरून मागत नाही.

गोदाकाठ:
इथे मात्र माझं वेगळं मत आहे. करावं लागतं म्हटलं की डबे, दवाखाना, फेऱ्या असं डोळ्यासमोर येतं, आणि ते तर मला सोपं होतं, ते मी कोणासाठीही करीन. अवघड होतं ते मागणं. ‘पोळ्या जास्त आण’ म्हणणं तिला अवघड गेलं, ‘माझ्यासोबत रिपोर्ट आणायला चल’ हे मला म्हणताच आलं नाही. नऊ वर्षं आम्ही दर डब्याला फिट्टंफाट करत होतो, कोणाचं कोणावर काही राहायला नको. आता तिचा खरकटा डबा माझ्याकडे येतो, माझ्या पिठाच्या गिरणीच्या फेऱ्या तिच्या नवऱ्याच्या स्कूटरवर होतात, आणि हिशोब कोणी ठेवत नाही, किंवा ठेवायचा नाही हे मी रोज स्वतःला सांगते, कारण सवय जात नाही. म्हणून मला मागणं हाच शब्द हवाय. फक्त मैत्री मागते असं नाही, मागायला लावते.

जुनीवही:
‘मागायला लावते’ चालेल. नुसतं ‘मागते’ अजूनही घशाखाली उतरत नाही, पण ‘मागायला लावते’ हे कोणीही बोलेल.

सिडकोकर:
मला ‘मागते’ पण ओके वाटतंय. ‘हे काम वेळ मागतं’ म्हणतोच की आपण.

पाथर्डी फाटा:
मी मघाशी भलतंच लिहिलं, सॉरी हं. पण आता आठवलं, दुसऱ्या बदलीच्या गावी एक होती, तिचा एक स्टीलचा डबा अजून माझ्याकडे आहे. रिकामा कसा द्यायचा म्हणून राहिला आणि मग आमची बदलीच झाली.

गोदाकाठ:
तिचा नंबर असेल तर फोन करा ना.
मंडळी, आत्ता बसून सुरुवात अशी केलीये, बघा:
‘व्हॅनला उशीर झाला की त्या आणि मी कोपऱ्यावर उभ्या असायचो. पुढे व्हॅन बंद झाली, आमचं उभं राहणं बंद झालं नाही. मैत्री कधी मुरली ते माहीत नाही, पण कळलं कधी ते सांगता येईल. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझा डबा रिकामा परत केला. “उद्या पण आण गं,” ती म्हणाली.’

जुनीवही:
‘परत केला’ नको. केला म्हटलं की ठरवून केल्यासारखं होतं, आणि तिने ठरवलं नव्हतं. ‘माझा डबा रिकामा परत आला’ करा.

द्राक्षबाग निफाड:
आणि ‘रिकामा’च्या जागी ‘खरकटा’ ठेवा. रिकामा डबा कोणीही देईल.

गोदाकाठ:
दोन्ही बदलले.