मदत हवी आहे: प्रोटीनवाला डबा दुपारपर्यंत विटतोय, काय करू?

बदलापूर_फास्ट
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी ३४ वर्षांची, वजन ६८ किलो, गेल्या दिवाळीपासून कमी करायचा प्रयत्न चालू आहे. घरातून ६:४० ला निघते, ऑफिस फोर्टला, आणि जेवायला बसेपर्यंत दीड वाजतो, म्हणजे डबा भरल्यापासून सात तास. ऑफिसात फ्रिज नाहीये, मायक्रोवेव्ह आहे. अंडी खाते पण चिकन-मटण नाही.

सध्या पहाटे पाचला उठून करते ते असं: तीन पोळ्या (तेल लावून), मटकीची उसळ ओलं खोबरं घालून, एखादी बटाट्याची वगैरे भाजी, आणि छोट्या डबीत दही. माझ्या हिशोबाने यात ३५ ग्रॅम तरी प्रोटीन असणार, पण चारला इतकी भूक लागते की वडापाव नाहीतर बिस्किटं पोटात जातातच. त्यात मागच्या पंधरवड्यात दोनदा उसळ आंबली. झाकण काढलं तेव्हा फस्स असा आवाज आला, वर बारीक फेस, आणि चमच्याला चक्क तार आली. फेकून दिली आणि त्या दिवशी बाहेरचं खाल्लं. डबा स्टीलचा, घट्ट क्लिपवाला, वर जाड कापडी पिशवी. गरम गरम भरते म्हणजे दुपारपर्यंत कोमट तरी राहील असं वाटायचं.

टिकेल आणि पोट भरेल असं काहीतरी सुचवा प्लीज.

कोल्हापुरी_रस्सा
ताई मोड आलेल्या मटकीत ओलं खोबरं आणि कांदा दोन्ही घातलं की उन्हाळ्यात विटणारच, आमच्या आईचा नियमच आहे, डब्याच्या उसळीत खोबरं नाही, आणि वरून लिंबू पिळायचं. सुकी भाजी करा, पातळ रस्सा नको. बाकी आंबूस वास आला तरी मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटं कडकडीत गरम केलं की चालतं, मी हॉस्टेलला असं खूप खाल्लंय.

जिमवाला_७
व्हे प्रोटीन घ्या ना, एक स्कूप पाण्यात हलवलं की झालं. डब्याची कटकटच नको.

बदलापूर_फास्ट
@जिमवाला_७ मला पावडर नकोय हो, जेवण जेवल्यासारखं वाटलं पाहिजे. प्रश्न डब्याचाच आहे.

डबेवाली_काकू
मी १२ वर्षं डबे देतेय, रोज चाळीसएक जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कोल्हापूरकर दादांचं. खोबरं-कांद्याचं बरोबर आहे, लिंबाने थोडी मदत होते हेही खरं, पण आंबलेलं गरम करून खायचं हे कृपा करून कुणी करू नका. गरम केल्याने जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच अन्नात सोडलेलं विष उकळूनही जात नाही. भाताच्या बाबतीत तर हे जास्तच सांभाळावं लागतं, कारण भातातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि भात तासन् तास कोमट राहिला की ते जागे होतात. तुम्हाला हॉस्टेलला काही झालं नाही ते नशीब.

आता बदलापूरच्या ताईंचं. तुमची उसळ आंबते त्यात खोबऱ्याचा हात आहे, पण मुख्य कारण तुम्हीच शेवटच्या दोन ओळींत लिहिलंय: गरम भरली, झाकण घट्ट लावलं, वर जाड पिशवी घातली. मी एकदा हट्टाने थर्मामीटर घालून बघितलं होतं. साधारण ७५ अंशाला भरलेली उसळ तीन तासांनी ४५ वर आली आणि जेवायच्या वेळेला ३८. म्हणजे मधले चार-पाच तास ती जंतूंना हवी तेवढीच उबदार होती, आपण दही लावताना दुधाला जेवढी ऊब देतो ना, तेवढी. अन्न एकतर ६० च्या वर कडक गरम राहिलं पाहिजे नाहीतर ५ च्या आसपास गार, मधलं काही चालत नाही. सात तास ६० च्या वर ठेवणं साध्या डब्याला जमणार नाही, म्हणून गारच न्या.

करायचं असं. उसळ आदल्या रात्री आठच्या आत करा. गॅस बंद केला की परातीत अर्धा इंच जाडीने पसरून पंख्याखाली ठेवा, वीस-पंचवीस मिनिटांत वाफ जाते, मग झाकून थेट फ्रिजमध्ये. पातेल्यात तशीच ठेवली तर मधला भाग दोन-तीन तास गरम राहतो, तिथेच घात होतो. सकाळी गरम न करता तशीच गार डब्यात भरा. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली पाऊण भरून रात्री फ्रीजरला टाका (पूर्ण भरली तर फुटते), सकाळी नॅपकिनमध्ये गुंडाळून डब्याच्या वर ठेवा, थंडावा खाली उतरतो. पिशवी इन्सुलेटेड हवी, आतून चंदेरी असते ती. तुमची जाड कापडी पिशवी पण त्यातल्या त्यात चालेल, कारण जी ऊब धरून ठेवते ती गारवाही धरते.

जमलं की नाही ते कसं ओळखायचं? दीड वाजता बाटलीत बर्फाचा खडा शिल्लक असला तर डबा गार होता. सगळं पाणी झालं असेल आणि बाटली कोमट लागली तर त्या दिवशी दही-उसळ खाऊ नका, वास चांगला असला तरी.

पोळ्या मात्र या पिशवीत घालू नका, चामट होतात. जाळीवर गार करून सुती फडक्यात गुंडाळा आणि वेगळ्या डब्यात न्या, त्यांना थंडाव्याची गरज नाही.

मिहीर_पुणे
काकूंनी टिकण्याचं सांगितलंच आहे, मी फक्त प्रोटीनच्या हिशोबात लक्ष घालतो कारण ३५ काही पटत नाहीये. मटकीत १०० ग्रॅमला २३-२४ ग्रॅम प्रोटीन असं वाचून तुम्ही वाटीभर उसळीला तेच लावलंय का? तो आकडा कोरड्या मटकीचा आहे. एका वाटी उसळीत कोरडी मटकी ३० ग्रॅमच्या आसपास जाते, मोड येऊन आणि शिजून ती फुगते ना. म्हणजे वाटीला ७. तीन पोळ्यांचे ९-१०, छोट्या डबीतल्या दह्याचे ३, बटाट्याचं धरायलाच नको. बेरीज २० च्या आसपास. म्हणून चारला भूक लागते.

बदलापूर_फास्ट
हो!! मी तेच केलं होतं. दीड वाटीला मी २० धरायचे, शिजलेल्या उसळीला. म्हणजे सहा महिने चुकीचाच हिशोब लिहितेय वहीत. बरं मग आकडा वाढवायचा कसा, उसळच दुप्पट खाऊ का?

मिहीर_पुणे
दुप्पट खाल्लीत तर पोट फुगेल. त्यात सोया घाला. कोरडे सोया चंक्स २५ ग्रॅम म्हणजे १३ ग्रॅम प्रोटीन, आणि कॅलरी जेमतेम ८५-९०. गरम मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचे, मग दोनदा गार पाण्यात धुऊन मुठीत घट्ट पिळायचे, हे नाही केलं तर तो उग्र वास राहतोच. पिळून मिक्सरला एक-दोन फिरक्या दिल्या की खिमा होतो आणि मटकीत मिसळून जातो, मसाला पण आत शिरतो.

तुमचा नवा डबा असा पडेल: कोरडी मटकी ४० ग्रॅम (आदल्या दिवशी मोड आणून) ९ ग्रॅम प्रोटीन, सोया २५ ग्रॅम १३, तेल न लावता दोन फुलके ६-७. एकूण २८-२९. दोन चमचे तेलाची फोडणी धरून सगळं मिळून ५००-५२० कॅलरी. तिसरी पोळी, बटाटा आणि पोळीला लावायचं तेल गेलं म्हणून हे बसतं. तेल चमच्याने मोजा, बाटलीतून ओतू नका, एका चहाच्या चमच्याला ४५ कॅलरी जातात.

सांगलीची_रेवा
सोया माझ्या नवऱ्याला अजिबात सोसत नाही, गॅसेस होतात, मटकीबरोबर तर विचारूच नका. मी त्याला पीठ पेरून केलेली सुकी ढोबळी मिरची देते, चाळीस ग्रॅम बेसन, ते टिकतं पण छान. पण त्याला भूक लागतेच चारला, तर त्यासाठी काय द्यावं? त्याचं ऑफिस एमआयडीसीत आहे, कँटीन नाही.

मिहीर_पुणे
@सांगलीची_रेवा चाळीस ग्रॅम बेसनात ९ च्या आसपास प्रोटीन, त्याला जोड हवी. अंडी खातात का? आणि चारसाठी ३० ग्रॅम फुटाणे खिशात राहू द्या, ६ ग्रॅम होतात आणि ते विटायचा प्रश्नच नाही. शेंगदाणे नकोत, प्रोटीन आहे त्यात पण मूठभर खाल्ले की दीडशे-दोनशे कॅलरी गेल्याच.

सांगलीची_रेवा
नाही, पूर्ण शाकाहारी. फुटाणे देऊन बघते.

पणजी_माका_जाय
अंड्यांबद्दल मी सांगतो. उकडून सालासकट न्यायची, ऑफिसात सोलायची. सोललेलं अंडं डब्यात बुळबुळीत होतं आणि झाकण काढल्यावर वास सगळ्या मजल्यावर जातो. बर्फाच्या बाटलीशेजारीच ठेवा. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम, सोया नसेल त्या दिवशी चालतं. आणि थर्मासचं कुणीच बोललं नाही, मी त्यात वरण नेतो, दीडला पण वाफ निघते.

डबेवाली_काकू
थर्मासला माझा विरोध नाही, पण उकळतं पाणी घालून आधी दहा मिनिटं तापवावा लागतो, वरण अगदी उकळी आलेलंच ओतायचं आणि काठोकाठ भरायचं, अर्धा भरला की लवकर निवतो. मटकी त्यात नको, आत शिजत राहते आणि गिचका होतो. बाकी ६:५० च्या गर्दीत एवढं वजन खांद्यावर घेऊन उभं राहायचं की नाही ते ताई ठरवतील.

आणि दही नेणार असाल तर चक्का न्या, रात्री फडक्यात टांगलेला. पाणी निथळल्यामुळे तेवढ्याच डबीत दह्यापेक्षा दुपटीहून जास्त प्रोटीन येतं आणि पिशवीत सांडतही नाही. पण बर्फाच्या बाटलीला चिकटून.

नागपूर_संत्री
माझ्या वडिलांना किडनीचा त्रास आहे, त्यांनाही हाच डबा देऊ का? वजन त्यांचंही वाढलंय.

मिहीर_पुणे
@नागपूर_संत्री नको, त्यांना प्रोटीन किती द्यायचं ते त्यांचे डॉक्टर रिपोर्ट बघून सांगतील. या धाग्यातले आकडे त्यांना लावू नका.

बदलापूर_फास्ट
नऊ दिवसांनी येतेय. रविवारी सोयाचा खिमा करून चार पुड्या फ्रीजरला टाकल्या, मटकी रोज रात्री. कालपर्यंत एकदाही उसळ आंबली नाही, सात दिवस डबा नेला त्यात सहा दिवस दीडला बाटलीत बर्फाचा खडा होता. एका दिवशी गाडी पाऊण तास उशिरा आली, सगळं पाणी झालं होतं, तेव्हा उसळ टाकली आणि फुलके चटणीशी खाल्ले, जीवावर आलं पण टाकली. पहाटेचा उठायचा वेळ पाच वरून पावणेसहा झाला, कारण सकाळी फक्त दोन फुलके लाटायचे असतात.

भूक आता साडेपाचला लागते, गाडीत फुटाणे खाते. वजनाचं आत्ताच काही म्हणत नाही, नऊ दिवसांत कळणार नाही.

अडलंय ते एकच, मायक्रोवेव्हमध्ये गार उसळ दोन मिनिटं फिरवली की कडेने उकळते आणि मध्ये गारच राहते. कुणी काय करतं?

डबेवाली_काकू
मध्ये खड्डा करून कडेला सारा, कड्यासारखी, आणि दोन चमचे पाणी शिंपडून झाकण अर्धवट ठेवा. मिनिटाने काढून ढवळा, परत एक मिनिट. मधून वाफ आली पाहिजे. आणि स्टीलचा डबा आत घालू नका, काचेच्या भांड्यात काढून घ्या.

कोल्हापुरी_रस्सा
काकू, आंबलेल्याचं तुम्ही सांगितलंत ते आईला पण वाचून दाखवलं. ती म्हणाली खोबऱ्याचं तरी माझं बरोबर होतं ना.