ग्रेस एका पानात: सगळी पुस्तकं घ्यायची की दोनच?

आर्या, अकरावी
मराठीच्या प्रकल्पात एका लेखकाचं जीवन आणि प्रमुख साहित्य एका पानात लिहायचं आहे. रेघांचं पान, एकच बाजू, हाताने. मी कवी ग्रेस घेतले, कारण ते आपल्या नागपूरचे. गटातला मुलगा म्हणतो सगळी पुस्तकं आलीच पाहिजेत. मला वाटतं दोन-तीन घेऊन त्यांच्याबद्दल नीट लिहावं. कोणाचं बरोबर?

महालकर
तुझ्या मित्राचं बरोबर आहे. अर्धीच पुस्तकं लिहिली तर तपासणाऱ्याला वाटेल पोरीनं पाहिलंच नाही. साल टाकून सरळ लिही: संध्याकाळच्या कविता १९६७, राजपुत्र आणि डार्लिंग १९७४, चंद्रमाधवीचे प्रदेश १९७७, संध्यापर्वातील वैष्णवी १९९५, सांजभयाच्या साजणी २००६. मग वाऱ्याने हलते रान या काव्यसंग्रहाला साहित्य अकादमी. झालं पान! दोनच पुस्तकं घेतली तर बाकीची का सोडली हे कोण सांगणार?

ग्रंथपाल, सीताबर्डी
महालकर, वर्षं बरोबर आहेत, पण एक गोष्ट दुरुस्त करायला हवी. वाऱ्याने हलते रान हा काव्यसंग्रह नाही, ललितलेखांचं पुस्तक आहे. २०११ चा अकादमी पुरस्कार ग्रेसांना गद्यासाठी मिळाला. ही चूक मी अनेक प्रकल्पांत पाहते आणि ती होते यादीमुळेच. कवितेची आणि गद्याची नावं एका रांगेत आली की सगळी कवितेची वाटतात, कारण ग्रेस म्हटलं की आपल्या डोक्यात कवीच येतो.

आर्या, आधी जागा मोज. रेघांच्या पानावर साधारण पंचवीस ओळी बसतात आणि हाताने लिहिलं तर ओळीत आठेक शब्द, म्हणजे सगळे मिळून दोनशे. पाच काव्यसंग्रह आणि चर्चबेल, मितवा यांच्यासारखी गद्याची चार-पाच पुस्तकं सालांसकट लिहिलीस तर सहा-सात ओळी नुसत्या नावांत जातील. त्या वाचून ग्रेस कसे लिहायचे हे कोणालाच कळणार नाही. म्हणून माझं मत तुझ्या बाजूनं, पण एका अटीवर. जी दोन पुस्तकं घेशील ती का घेतलीस, हे त्या नोंदीतच दिसलं पाहिजे.

महालकर
बरं, गद्याचं मान्य. पण अट सांगून सोडू नका. अकरावीच्या पोरीनं कोणती दोन घ्यायची?

ग्रंथपाल, सीताबर्डी
पहिला काव्यसंग्रह आणि पुरस्काराचं पुस्तक. तुमचीच यादी पुन्हा पाहा. १९६७ चं संध्याकाळच्या कविता, १९९५ चं संध्यापर्वातील वैष्णवी, २००६ चं सांजभयाच्या साजणी. पहिल्या संग्रहापासून जवळजवळ चाळीस वर्षं ही कातरवेळ त्यांच्या शीर्षकांतून सुटलेली नाही. हे एका वाक्यात लिहिलं की तीन पुस्तकं नावांनिशी आलीही आणि त्यांच्यातलं नातंही कळलं. तुमची यादी अशी कामाला येते, फक्त तिला काहीतरी म्हणायला लावायचं.

मग गद्याला चार-पाच ओळी उरतात. सुरुवात साधी ठेव, अशी: "ग्रेस यांचे मूळ नाव माणिक सीताराम गोडघाटे. त्यांचा जन्म १० मे १९३७ रोजी नागपूर येथे झाला. त्यांनी नागपुरातच मराठीचे अध्यापन केले. २६ मार्च २०१२ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले." चार ओळींत जीवन उरकतं. ज्यांचं आयुष्य बहुतेक एकाच शहरात शिकवण्यात आणि लिहिण्यात गेलं, त्यांच्यासाठी एवढं पुरे.

सुनंदा, निवृत्त शिक्षिका
जन्मस्थळाचा विषय निघाला म्हणून सांगते. माझ्या वर्गातल्या एका मुलानं सुरेश भटांवर लिहिताना जन्म नागपूरचा लावला होता, इथे त्यांच्या नावाचं सभागृह आहे म्हणून. भट जन्मले अमरावतीला, १५ एप्रिल १९३२. जिथे नाव दिसतं तिथला जन्म असं मुलं धरून चालतात. ग्रेसांच्या बाबतीत जन्म खरोखरच नागपूरचा आहे, पण आर्या, निधनाची ओळ लिहिताना सावध राहा. इथलेच म्हणून निधनही इथलंच लिहिशील.

आणि साल कुठून घेतेस तेही पाहा बेटा. पुस्तकाच्या आतल्या पानावर आधी नव्या आवृत्तीचं साल डोळ्यात भरतं. "पहिली आवृत्ती" ही ओळ शोधायची आणि तेच लिहायचं. १९६७ चा संग्रह कोणी १९९० नंतरचा लिहिला की कवी तीस वर्षं उशिरा सुरू झाल्यासारखा दिसतो.

प्रफुल्ल
तुम्ही सगळे पुस्तकांच्या मागच्या कव्हरवर असतो तसा परिचय लिहून राहिले ना! तिथे गोड गोड लिहायचं असतं. मी म्हणतो, कविता थेट टाका. "भय इथले संपत नाही" आणि "ती गेली तेव्हा" घराघरांत माहीत आहेत, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीमुळे. अर्धं पान या दोन कवितांना द्या, त्यातच त्यांचं आयुष्य आलं. आईच्या दुःखाची कविता वाचली की माणूस कळतो.

ग्रंथपाल, सीताबर्डी
गाण्यांची एक ओळ जरूर असावी प्रफुल्लभाऊ, कारण पुस्तक न उघडलेले वाचकही त्या वाटेनं ग्रेसांपर्यंत आले. अर्धं पान मात्र नको, मॅडमनी कविता उतरवायला सांगितलेलं नाही. आणि कवितेतला "मी" म्हणजे गोडघाटे सर, असं धरून जीवनाचा परिच्छेद लिहिता येत नाही. आई त्यांच्या कवितेत पुन्हा पुन्हा येते, हे लिहिता येईल. अमक्या कवितेत असं म्हटलंय म्हणून घरी असं घडलं, हे नाही.

प्रफुल्ल
म्हणजे जीवन वेगळं, कविता वेगळी? मला नाही पटत. ज्यानं आयुष्यभर दुःखच लिहिलं त्याच्या नोंदीत जन्मतारीख आणि पुरस्कार एवढंच?

आर्या, अकरावी
खूप मदत झाली. पण "ग्रेस" हे नाव कसं आलं ते कोणीच बोललं नाही. इन्ग्रिड बर्गमनच्या "द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस" या सिनेमातल्या एका वाक्यावरून घेतलं असं मी वाचलंय. वर्गात सगळ्यात आधी तेच विचारतील. त्याला तीन ओळी दिल्या तर?

महालकर
दे ना! माणसं तेच लक्षात ठेवतात. मी असतो तर पान त्यावरूनच सुरू केलं असतं.

ग्रंथपाल, सीताबर्डी
एक ओळ. तीन दिल्यास तर गद्याच्या पुस्तकाच्या वाट्याचं जाईल, आणि त्याच पुस्तकाबद्दल सगळ्यांची चूक होते. शिवाय ती ओळ "असे सांगितले जाते" अशी नको. ज्या लेखात वा मुलाखतीत ते वाचलंस तिथे खुद्द ग्रेसांचे शब्द आहेत का पाहा. असले तर "ग्रेस यांनी सांगितल्याप्रमाणे" लिही.

सुनंदा, निवृत्त शिक्षिका
इथे मी महालकरांच्या बाजूची. वर्गात ऐकणारी मुलं सोळा वर्षांची आहेत. माणिक गोडघाटे नावाच्या नागपूरच्या मुलानं परक्या सिनेमातून स्वतःचं नाव उचललं, हे ऐकल्यावर ती पुढचं ऐकतील. दोन ओळी दे आर्या. हव्या तर निधनाच्या ओळीतून पुणे काढ.

ग्रंथपाल, सीताबर्डी
पुणे काढू नका, ताई. आत्ताच तुम्ही त्याच ओळीसाठी सावध केलंत. दोन ओळी हव्याच असतील तर अध्यापनाचं वाक्य जन्माच्या वाक्यात मिसळ: "नागपुरात जन्मलेल्या आणि तिथेच मराठी शिकवलेल्या..." एक ओळ तिथे वाचेल.

आर्या, अकरावी
तसंच करते. उद्या वाचनालयात जाऊन वाऱ्याने हलते रानची पहिली आवृत्ती कोणत्या सालची ते पाहते आणि निदान दोन लेख वाचते. त्या चार ओळी पुस्तक न वाचता लिहिता येणार नाहीत.