फक्त ‘पाणी’नंतरचाच ‘कर’ बदलायचा: लुकबिहाइंड की गट?

ओसरीवरचा
ग्रामपंचायतीच्या सुमारे नऊशे सूचनापत्रांत ‘पाणी कर’च्या जागी ‘पाणीपट्टी’ करायचे आहे, मात्र ‘व्यवसाय कर’ आणि ‘मालमत्ता कर’ यांना हात लागता कामा नये. पायथनमध्ये `(?<=पाणी\s+)कर` लिहिले, तर `look-behind requires fixed-width pattern` अशी चूक येते. लुकबिहाइंडचा हट्ट सोडून गट वापरावा का?

तिरपा_कंस
हट्ट सोडावा, असेच माझे मत आहे. `(पाणी)\s+कर` शोधा आणि बदलात `\1पट्टी` लिहा. मधली जागा एक असो की तीन, तक्रार येत नाही, आणि सहा महिन्यांनी ती ओळ वाचणाऱ्यालाही डोके खाजवावे लागत नाही. लुकबिहाइंड ही बहुतेक वेळा हौस असते.

रात्रपाळी
हौस म्हणणे मला पटत नाही. पायथनच्या `re`ला मागे नेमकी किती अक्षरे पाहायची हे आधी ठाऊक असावे लागते आणि `\s+`ची लांबी ठरलेली नसते, म्हणून ती चूक येते. पण मोकळी जागा तुम्ही लुकबिहाइंडच्या आत कोंबलीच कशासाठी? ती तर तुम्हाला काढूनच टाकायची आहे. आत फक्त खुणेचा शब्द ठेवा आणि जागा बाहेर आणा:

```python
re.sub(r'(?<=पाणी)\s+कर', 'पट्टी', s)
```

‘पाणी’ला धक्का लागत नाही, जागा आणि ‘कर’ मिळून ‘पट्टी’ होते.

नवखा_पण_हौशी
एवढा खटाटोप कशाला? लुकअहेडच पुढे लिहा: `(?=पाणी )कर`. अर्थ तोच, आणि लुकअहेडला लांबीचे बंधनही नाही.

रात्रपाळी
बंधन नाही, हे खरे. पण लुकअहेड ज्या ठिकाणी उभा असतो तिथूनच पुढे पाहतो आणि स्वतः पाऊलही टाकत नाही. म्हणजे एकाच ठिकाणी ‘पाणी’ही सुरू व्हायला हवे आणि ‘कर’ही, असे कधीच घडणार नाही. चूक दिसत नाही, फक्त एकही बदल होत नाही, आणि म्हणूनच हा घोटाळा लवकर लक्षात येत नाही.

मळ्यातली
माझे काम उलटे होते, ‘पाणी’ मागे नसेल तेव्हाच ‘कर’ बदलायचा होता. तिथे `(?<!पाणी )कर` चालले. गटाने हे कसे करणार, ते तिरपा_कंस यांनी सांगावे.

तिरपा_कंस
नकारासाठी लुकबिहाइंड सरस, हे मान्य. पण प्रश्न तो नाही. शिवाय रात्रपाळी यांची ओळ ‘पाणी कराराची प्रत’ या मजकुरावर चालवून पाहा: हाती ‘पाणीपट्टीाराची प्रत’ येते. शेवटी `\b` लावून सुटका होईल असे वाटेल, पण `re`च्या लेखी ‘ा’ हे शब्दातले अक्षरच नाही, त्यामुळे ‘कर’ आणि काना यांच्या मध्येच त्याला शब्दाची सीमा दिसते. देवनागरीत `\b`वर विसंबून मी एकदा तीनशे ओळी बिघडवल्या आहेत.

रात्रपाळी
हा मुद्दा बिनतोड आहे, पण तो गटालाही तितकाच लागू पडतो. उपाय म्हणजे पुढेही पाहायचे. नुसत्या ‘कर’नंतर देवनागरी अक्षर नको, आणि ‘करा’ असेल तर त्यामागून विभक्तीचा प्रत्ययच यायला हवा:

```python
p = (r'(?<!सांडपाणी)(?<=पाणी)\s+'
     r'(?:कर(?![\u0900-\u097F])'
     r'|करा(?=च|त|ला|वर|ने|स))')
s = re.sub(p, 'पट्टी', s)
```

‘पाणी कराची थकबाकी’ची ‘पाणीपट्टीची थकबाकी’ होते, ‘पाणी करार’ जागच्या जागी राहतो. पहिला नकार ‘सांडपाणी कर’साठी आहे, तो वेगळा आकार असतो आणि नुसते ‘पाणी’ त्यालाही पकडते.

मळ्यातली
आमच्याकडे हेच काम गो भाषेत होते. तिथल्या `regexp`मध्ये पुढेही पाहता येत नाही आणि मागेही, त्यामुळे गटाशिवाय गत्यंतर नव्हते.

तिरपा_कंस
नेमके हेच माझे म्हणणे आहे. गट सर्वत्र चालतो, लुकबिहाइंडचे नियम मात्र इंजिनागणिक बदलतात. जावास्क्रिप्टमध्ये तो 2018च्या मानकात आला.

ओसरीवरचा
रात्रपाळी यांचा शेवटचा पॅटर्न चालवला, करार वाचले. मात्र ‘पाणी कर थकला आहे’ची ‘पाणीपट्टी थकला आहे’ झाली आणि ‘आपला पाणी कर’ची ‘आपला पाणीपट्टी’. पुढचे क्रियापदही बदलायचे आणि मागचे सर्वनामही, हे पॅटर्नमध्ये कसे बसवायचे?

रात्रपाळी
बसवू नका. बदललेल्या ओळी `diff`ने वेगळ्या काढा आणि लिंग हाताने दुरुस्त करा.

तिरपा_कंस
नऊशे पत्रे हाताने? निदान ‘थकला’, ‘भरला’, ‘आपला’ अशा दहा-बारा शब्दांसाठी दुसरी फेरी करता येईल, आणि तीही गटानेच.